काळा कुर्ता, बोअरचं पाणी आणि जाऊबाईंचं मीठ

प्रश्न: काळे कुर्ते आणि डार्क जीन्स पार विटल्यात. घरच्या घरी परत काळ्या होतील का? मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, खरं आहे का? डिटर्जंट कोणतं वापरू?

उत्तर:

मिठाने तयार कपड्याचा रंग पक्का होत नाही. माझे वडील इचलकरंजीत रंगारी होते. रंगाच्या पाण्यात मीठ पडतं ते रंग पाण्यातून सुतात ढकलायला. एकदा रंगवून आलेल्या कपड्याला त्याचा उपयोग नाही. आमच्या मोठ्या जाऊबाई मात्र प्रत्येक नवा काळा कपडा मिठात बुडवतात आणि म्हणतात, "बघ, पाणी स्वच्छ आहे की नाही!" स्वच्छ असणारच, कारण खारट पाण्यात सुताचा रंग कमी सुटतो. पुढच्या वेळी साध्या पाण्यात धुतला की तोच रंग तसाच बादलीत उतरतो. व्हिनेगरनेही सुती कपड्याचा रंग पक्का होत नाही. ते वेगळ्या कामाला येतं, ते सांगते.

एका संक्रांतीच्या आधी पुतणीचा काळा सुती कुर्ता कपाटातून निघाला, राखेसारखा करडा. जाऊबाई म्हणाल्या, रंग गेला, आता पुसायला घे. मी तो खिडकीशी नेऊन बघितला. शिवणीच्या दुमडीत आणि कॉलरच्या कडेला पांढरट पूड बसली होती आणि कापड तिरकं धरलं की वर बारीक लव दिसत होती. बाहीचा कोपरा ओला केला, तर तिथे गडद, स्वच्छ काळा रंग आला. रंग खरंच गेलेला असता तर ओल्या कापडावरही तांबूस किंवा हिरवट झाक राहिली असती.

म्हणजे रंग जागेवर होता, त्यावर थर चढला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यातले क्षार आणि पावडरीचा न विरघळलेला अंश सुतात अडकतो. अर्ध्या बादली पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून कुर्ता अर्धा तास भिजवला, मग दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढला. वाळल्यावर शिवणीतली पूड गेली होती. राहिली ती लव. कापड एकमेकांवर घासून सुताचे तुटके तंतू वर येतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि काळं करडं दिसतं. ती गोळे काढायच्या छोट्या मशीनने, कापड ताणून धरून, हलक्या हाताने उतरवली. पुतणीने संक्रांतीला तोच कुर्ता घातला. जाऊबाईंना अजून वाटतं की मी तो गुपचूप रंगवून आणला.

ओला करूनही तांबूसच दिसत असेल तर मात्र रंगवायलाच हवा. सुती कपड्याला पुडीतला गरम पाण्याचा रंग चालतो. काळ्यासाठी पुडीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट रंग घ्या, नाहीतर करडाच उतरतो. अर्धा किलो कपड्याला एक वाटी मीठ, पाणी उकळीच्या जरा खाली, आणि पाऊण तास सतत हलवायचं. थांबलात की डाग पडतात. मीठ घालायची खरी जागा ही.

जीन्स रंगवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढराच. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरातच बसतो, म्हणून घासलं की आतला पांढरा भाग दिसायला लागतो. घरी रंगवलीत तर आडवा धागाही रंगतो आणि जीन्सची सगळी मजा जाते. तिला कमी धुणं हाच उपाय.

डिटर्जंट म्हणाल तर काळ्यासाठी लिक्विड. बऱ्याच पावडरींत ऑक्सिजन ब्लीच असतं, आणि पांढरं उजळ दिसावं म्हणून ऑप्टिकल ब्राइटनरही, जो काळ्यावर निळसर धुरकट झाक आणतो. लिक्विडमध्ये सहसा ब्लीच नसतं, पण ब्राइटनर असू शकतो, म्हणून पाकिटामागचं वाचा. गडद कपड्यांसाठी वेगळं लिक्विड मिळतं. ते नसेल तर लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विडही चालतं, फक्त घामट कपडे त्याने तितके निघत नाहीत. जाऊबाई "फेस जास्त तर स्वच्छ जास्त" म्हणून दुप्पट ओततात. जास्त साबण नीट निघत नाही आणि तोच शिवणीत पांढरा दिसतो.

राहिलेल्या दोन गोष्टी. व्हिनेगर बादलीतच वापरा, दर धुण्याला मशीनमध्ये ओतू नका, रबर खराब होतं. आणि ते ब्लीचसोबत कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पॉलिएस्टरला वर सांगितलेला पुडीचा रंग लागत नाही. कापड सुती असलं तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो आहे त्याच रंगाचा राहील.