पंच्याहत्तरीला काय द्यावं?

"पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. गेल्या वर्षी दिलेलं स्मार्टवॉच अजून खोक्यातच आहे. घरचे म्हणतात, शाल आणि चांदीचा गणपती द्या, या वयाला तेच शोभतं. बाबांना विचारलं तर 'मला काय हवंय आता' म्हणतात. माझा अंदाज दर वेळी चुकतो. काय करू?"

या ताई ठाण्यात सासऱ्यांसोबतच राहतात. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत बदल करून लिहिते आहे.

बाबा कसे आहेत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "साधे आहेत, हट्टी आहेत, दुरुस्तीची आवड आहे." म्हणून ऑनलाइन चाळीस नगांचा टूलकिट त्यांनी जवळजवळ नक्की केला होता. मी त्यांना थांबवलं. 'दुरुस्तीची आवड' एवढ्यावरून घेतलेला टूलकिट हा शालीसारखाच अंदाज होता. फक्त 'म्हातारा माणूस' या शिक्क्याच्या जागी 'हौशी मेकॅनिक' हा शिक्का आला होता. शिवाय आयुष्यभर फिटरचं काम केलेल्या माणसाकडे हाताला बसलेले स्क्रू-ड्रायव्हर असतातच.

मी त्यांना आठवडाभर वही ठेवायला सांगितली. अट एकच, स्वभावाबद्दल एक शब्द लिहायचा नाही. बाबांनी काय केलं, कुठे बसून केलं आणि कुठे अडले, तेवढंच लिहायचं. त्यांच्या नोंदींत एक प्रसंग होता: शेजारच्या काकूंचा मिक्सर उघडून बाबा हॉलमध्ये फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. चष्मा कपाळावर, टॉर्च दातात धरलेला. थोड्या वेळाने त्यांनी नातवाला हाक मारली आणि टॉर्च त्याच्या हातात दिला. आणखी एका दिवशी एक बारीक स्क्रू सोफ्याखाली गेला आणि अर्धा तास त्याच्या शोधात गेला.

ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा घेते!" दिशा बरोबर होती, पण दोन गोष्टी बघायच्या राहिल्या होत्या. कपाळावर चष्मा चढवायची सवय असलेल्या माणसाला तिथेच दिव्याचा पट्टा अडचणीचा होणार. आणि टॉर्च धरायला नातू लागतो, ही बाबांची अडचण होती की त्यातच त्यांचा आनंद होता? आनंद असेल, तर दिवा देऊन आपण तो काढून घेणार.

हे विचारूनच कळतं. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ले या संशोधकांनी 2018 मध्ये 25 प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार केल्याने त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं, असं त्यात दिसलं नाही. त्याच्याशी बोलून माहिती घेतल्यावर मात्र अचूकपणा वाढला. पण "तुम्हाला काय हवंय?" या प्रश्नाला आपल्याकडची वडीलधारी माणसं नकारच देतात, कारण त्यात त्यांना खर्च ऐकू येतो. म्हणून कामाबद्दल विचारायचं. ताईंनी चहा देताना विचारलं, "बाबा, हा शाळेत असतो तेव्हा टॉर्च कोण धरतं?"

बाबा म्हणाले, "तेव्हा खिडकीशी जाऊन बसतो. पण पावसाळ्यात तिथेही दिसत नाही. आणि हा असला की टॉर्च हलवतो नुसता. त्याला स्क्रू काढायला द्यायला हवं, तर हात मोकळा कुठे असतो त्याचा!"

अडचण आणि आनंद दोन्ही वेगळे झाले. टेबलाला चिमट्याने लावायचा दिवाही मग बाद झाला, कारण बाबा फरशीवर बसतात. शेवटी जड बैठकीचा, मान हवी तशी वळणारा आणि गोल भिंग असलेला दिवा घेतला, सोबत स्क्रू ठेवायला चुंबकाची छोटी ताटली. बिल ताईंनी जपून ठेवलं आणि बदलून घ्यायची मुदत लक्षात ठेवली.

आवडलं की नाही, हे पहिल्या दिवशीच्या "छान आहे" वरून ठरवू नका. वस्तू शोकेसमध्ये गेली, किंवा तुम्ही समोर असलात तरच बाहेर निघाली, तर जमलं नाही असं समजा. बाबांचा दिवा दुसऱ्या आठवड्यात सोफ्यामागे कायमचा ठेवलेला दिसला, आणि ताटलीत नातवाने काढलेले स्क्रू होते.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत फसते. माणूस जुनी वस्तू वापरतो म्हणून नवी दिली, असं करू नका. ती बिघडल्यावर तो काय करतो ते पाहा. कुरकुरत ओढत असेल, तर नवी चालेल. पुसून, तेल घालून, "अजून दहा वर्षं जाईल" म्हणत असेल, तर तिला हात लावू नका. फार तर तिच्यासाठी चांगलं कव्हर किंवा सुटा भाग द्या.

आणि ज्यांच्यासोबत तुम्ही राहत नाही, त्यांच्या घरातल्या कुणाला तरी "त्यांना काय आवडतं" असं विचारू नका. "गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःसाठी काय विकत आणलं आणि काय आणायचं टाळलं?" असं विचारा. टाळलेल्या वस्तूंतच बहुतेक वेळा भेट सापडते.