मुद्दाम हरण्याचा फायदा नेमका कुठे लपतो : आठ संघांच्या कबड्डी लीगसाठी निवडीची सोडत

प्रश्न : "आमच्या १७ वर्षांखालील मुलांच्या फ्रँचायझी कबड्डी लीगमध्ये आठ संघ आहेत. प्रत्येकी १४ सामने होतात आणि पहिले चार बाद फेरीत जातात. पुढच्या वर्षीचे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला पहिली निवड मिळते, त्यामुळे शेवटच्या तीन आठवड्यांत दोन संघ मुद्दाम हरले अशी कुजबुज आहे. पहिल्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्या तर हे थांबेल का?"

निम्मे थांबेल, आणि उरलेले निम्मे कुठे राहते हे हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

समजा बाद फेरी हुकलेल्या चारही संघांच्या सारख्या चिठ्ठ्या टाकून पहिली निवड ठरवली आणि पुढचा क्रम नेहमीप्रमाणे तळापासून लावला. आठव्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५ टक्के होते, पण चिठ्ठी निघाली नाही तरी दुसरी निवड त्याची पक्कीच असते. सातव्या संघाची स्थिती वेगळी आहे. पहिली निवड २५ टक्के, दुसरी २५ टक्के आणि तिसरी ५० टक्के अशी त्याची विभागणी होते. सरासरी काढली तर आठव्याचा निवड क्रमांक १.७५, सातव्याचा २.२५, सहाव्याचा २.७५ आणि पाचव्याचा ३.२५ येतो. म्हणजे पूर्वी एक पायरी खाली घसरले की एक अख्खा क्रमांक मिळत असे, आता अर्धा मिळतो. सोडत समान असूनही हरण्याला मोबदला आहेच, कारण तो चिठ्ठीत नसून चिठ्ठीनंतरच्या क्रमवारीत आहे.

मोठ्या लीगनाही हे सुटलेले नाही. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलने १९८५ मध्ये सोडत आणली, पुढे तळाच्या संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के शक्यता दिली आणि २०१९ पासून ती तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के केली. त्यामुळे तळाच्या तिघांत आणखी खाली जाण्याची ओढ कमी झाली. परंतु तिथेही सोडत पहिल्या चार जागांचीच काढली गेली आणि उरलेला क्रम तळापासून लागला, त्यामुळे सर्वांत खालचा संघ पाचव्या निवडीच्या खाली जाऊ शकत नव्हता. हा तळाचा आधार ज्याला मिळतो, त्याला हरण्याचे कारण उरते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की चारही निवडी सोडतीतून काढाव्यात. मात्र चौघांना सारख्याच चिठ्ठ्या दिल्या तर खरोखर दुबळ्या संघाला मदत मिळत नाही, आणि ड्राफ्ट तर त्याच मदतीसाठी असतो. या पेचातून वाट काढायची तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. दुबळेपणा हंगामाच्या त्या भागावरून मोजावा ज्यात सगळ्यांनाच बाद फेरीची आशा असते, आणि आशा संपल्यानंतरच्या सामन्यांत जिंकण्याला मोल द्यावे. महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने, म्हणजे पीडब्ल्यूएचएलने, २०२४ च्या पहिल्याच हंगामात दुसरा भाग थेट वापरला. स्पर्धेतून बाद ठरल्यानंतर संघ जे गुण मिळवतो त्यावरून ड्राफ्टचा क्रम ठरला. १४ सामन्यांच्या लीगमध्ये मात्र बाद ठरल्यानंतर दोन-तीनच सामने उरतात आणि तेवढ्यावर सगळा क्रम सोडणे योग्य नाही. तुमच्यासाठी दोन्हींची सांगड हवी.

मी असे सुचवीन. दहाव्या फेरीनंतरची गुणतक्त्यातली जागा गोठवावी. त्या वेळी आठव्या आणि सातव्या संघाच्या नावे सोडतीच्या पिशवीत प्रत्येकी ६ सोंगट्या, सहाव्याला ५, आणि पाचवा किंवा त्याच्या वरचा जो संघ शेवटी बाद फेरीला मुकेल त्याला ४. त्यानंतरच्या चार सामन्यांत प्रत्येक विजयाला २ सोंगट्या आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास १. सात गुणांची ही मर्यादा मुलांना नवी नाही, कारण प्रो कबड्डीत अनेक हंगाम तेवढ्या फरकाने हरलेल्या संघालाही गुणतक्त्यात एक गुण मिळत असे. दुबळा संघ जिंकला नाही तरी झुंजून सोंगट्या कमावतो, हा तिचा इथला खरा उपयोग आहे.

उदाहरण घ्या. दहाव्या फेरीअखेर वडाळा आठवा, चेंबूर सातवा, भांडुप सहावा, परळ पाचवा. पुढच्या चार सामन्यांत वडाळ्याने एक सामना जिंकला आणि दोन थोडक्यात गमावले, म्हणून ६ अधिक ४ मिळून १०. चेंबूर एकदाच थोडक्यात हरला, बाकी दणदणीत, म्हणून ७. भांडुपने दोन जिंकले, म्हणून ९. परळने एक जिंकला, म्हणून ६. एकूण ३२ सोंगट्यांत पहिल्या निवडीची शक्यता वडाळ्याला ३१, भांडुपला २८, चेंबूरला २२ आणि परळला १९ टक्क्यांच्या आसपास येते. चेंबूरने वरच्या चारांतल्या एखाद्या संघाविरुद्ध दणदणीत गमावलेला एक सामना जिंकला असता, तर त्याची शक्यता ३४ पैकी ९, म्हणजे साडेसव्वीस टक्के झाली असती. हरून त्याने स्वतःचेच नुकसान केले, आणि हे त्याच्या प्रशिक्षकाला सामन्याआधीच मोजता येते.

नियम हेतूवर न बेतता मोबदल्यावर का बेतावा, याचे कारण मी गुणलेखकाच्या टेबलावरून पाहिले आहे. प्रभादेवीतल्या एका मैदानावर मुलांच्या लीगचा सामना होता. उत्तरार्धाची नऊ मिनिटे उरली असताना, चार गुणांनी पुढे असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने आपला मुख्य चढाईपटू बाहेर बोलावला. त्याच्या जागी आलेला मुलगा निदान रेषा ओलांडून परत येत राहिला. दोन रिकाम्या चढाया झाल्या आणि तिसऱ्या, निर्णायक चढाईत तो बाद झाला. थोड्याच वेळात लोण चढला आणि संघ हरला. आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले की राखीव मुलांनाही संधी द्यायला हवी. ते उत्तर खोटे ठरवण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नव्हता, कारण मुलांच्या लीगमध्ये ते खरेही असू शकते. बाहेर बसलेला तो मुलगा मात्र सामना संपेपर्यंत गुडघ्याचा पट्टा सोडत आणि बांधत होता, आणि त्याचा राग मला योग्य वाटला. मुले कधीच मुद्दाम हरत नाहीत. त्यांना हरवणारा निर्णय राखीव बाकाजवळ होतो.

या आराखड्यात दोन जागा कच्च्या राहतात. पहिली म्हणजे चौथ्या आणि पाचव्या क्रमांकामधली दरी. चौथा आलेला संघ सोडतीबाहेर जातो, आणि बाद फेरीत पहिल्याच सामन्यात हरण्याची भीती असेल तर पाचवे येणे मालकाला सोयीचे वाटू शकते. त्यावर बाद फेरी गाठणाऱ्या प्रत्येक संघाला पुढच्या वर्षी एक जास्तीचा खेळाडू कायम ठेवू द्यावा. दुसरी जागा शेवटच्या फेऱ्यांतली आहे. अव्वल स्थान पक्के झालेला संघ राखीव खेळाडू उतरवतो आणि समोरच्याला फुकट सोंगट्या मिळतात. हे पूर्ण टाळता येत नाही, परंतु बाद फेरीत घरचे मैदान किंवा सामन्याची वेळ निवडण्याचा हक्क अंतिम क्रमावर ठेवला तर कमी होते.

सोडत पालकांसमोर काढा. एनबीएच्या १९८५ च्या सोडतीत बंद पाकिटे वापरली होती, आणि न्यूयॉर्कला पहिली निवड मिळाल्यावर पाकिटाचा कोपरा दुमडल्याचा संशय लोक आजही बोलून दाखवतात. हाऊजीच्या सारख्या वजनाच्या सोंगट्या घ्या, कोणते आकडे कोणाचे याचा तक्ता आदल्या दिवशी सर्व संघांना द्या आणि पिशवीत टाकताना त्या मोठ्याने मोजा. एका संघाचा आकडा निघाला की त्याची जागा ठरली. त्याचे उरलेले आकडे पुढे निघाले तर ते बाजूला ठेवून पुढची सोंगटी काढायची. हा सगळा नियम पहिल्या सामन्याच्या आधी छापून सह्या घ्या, कारण हंगामाच्या मध्यावर आणलेला नियम कोणत्या तरी एका संघाच्या विरोधातच वाचला जातो.