हाऊएव्हरच्या दोन्ही बाजूला कॉमा दिला तरी वाक्य चूक का?

तू निवडलेला पर्याय परत एकदा नीट बघ, "द रिपोर्ट वॉज लेट, हाऊएव्हर, द मॅनेजर ॲक्सेप्टेड इट." तुला वाटलं हाऊएव्हरला दोन्हीकडून कॉमा आहे म्हणजे झालं, पण इथेच कॉमा स्प्लाइस झालाय. आता हाऊएव्हर बोटाने झाक आणि उरलेलं वाच, अलीकडे "द रिपोर्ट वॉज लेट", पलीकडे "द मॅनेजर ॲक्सेप्टेड इट", दोन्हीकडे स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचं क्रियापद आहे, म्हणजे ही दोन पूर्ण वाक्यं झाली आणि त्यांना धरून ठेवायला नुसता कॉमा पुरत नाही.

मग हाऊएव्हर जोडत नाही का? नाही, ते क्रियाविशेषण आहे, बट सारखं उभयान्वयी नाही. ओळखायची खूण म्हणजे ते जागा बदलू शकतं, "द मॅनेजर ॲक्सेप्टेड इट, हाऊएव्हर" चालतं, बट असं शेवटी नेऊन बघ, लगेच खटकेल. देअरफोर, मोअरओव्हर ही पण त्याच जातीची.

म्हणून बरोबर पर्याय सेमीकोलनवाला, "लेट; हाऊएव्हर, द मॅनेजर...". फुलस्टॉप पण चालला असता, किंवा हाऊएव्हर काढून "लेट, बट द मॅनेजर...".

फक्त एक सांभाळ, हाऊएव्हर दिसलं की डोळे मिटून सेमीकोलन टाकू नकोस हां. "द मॅनेजर, हाऊएव्हर, ॲक्सेप्टेड इट" मध्ये दोन कॉमाच बरोबर, कारण हाऊएव्हर झाकलं तर तिथे एकच वाक्य उरतं.