दोन वाट्या शिळा भात, अर्धा पत्ताकोबी आणि कालच्या पोळ्या: दोन वेळची दोन जेवणे

प्रश्न: घरात कालचा दोन वाट्या भात, अर्धा पत्ताकोबी आणि पाच शिळ्या पोळ्या आहेत. खाणारे चौघे. फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा सगळ्यांनाच नकोसा झाला आहे. यातून पोटभर होतील अशी दोन वेगळी जेवणे कशी करावीत?

उत्तर:

आज भात आणि थोडा कोबी घालून ज्वारीचे धपाटे करावेत, आणि उद्या उरलेला कोबी व पोळ्या घेऊन तुरीच्या डाळीच्या पातळ आमटीतले कुटके, म्हणजे पोळीचे तुकडे, करावेत. एक जेवण तव्यावरचे, खरपूस आणि दह्याबरोबर खाण्याचे होते, तर दुसरे रसदार आणि गरम गरम ताटलीत घेऊन चमच्याने खाण्याचे. परभणीला आमच्या घरी ही जोडी इतक्या वेळा झाली आहे की तिची प्रमाणे मला हातानेच कळतात, तरी येथे ती मोजून देते.

क्रम मात्र बदलू नये, कारण भात थांबत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात आणि ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून तुमचा भात शिजल्यावर तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला असेल तरच तो वापरावा आणि आजच संपवावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वास आला नाही तरी मी टाकून देते. पोळ्या कोरड्या असल्यामुळे आणखी एक दिवस निघतात, मात्र त्यांवर पांढरा किंवा हिरवा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा न काढता पूर्ण पोळी टाकावी.

या दोन्ही पदार्थांत खरा हिशेब पाण्याचा आहे. भातात पाणी आहे, पण ते दाण्यात अडकलेले असते. पोळीत ते जवळजवळ उरलेले नसते. पत्ताकोबी मात्र पाण्याचा साठा आहे आणि मीठ लागताच तो ते सोडू लागतो. हे लक्षात न घेता मी लग्नानंतर पहिल्यांदा धपाटे केले तेव्हा चिरलेल्या कोबीत आधी मीठ, मग पीठ आणि मग सवयीने पेलाभर पाणी घातले. दहा मिनिटांत गोळा परातीत पसरला, म्हणून मी पीठ घालत गेले, आणि शेवटी धपाटे झाले ते चामड्यासारखे चिवट, कोबीचा नुसता भास असलेले. सासूबाईंनी दुसऱ्या वेळी शेजारी बसून सांगितले, "बाई, पाणी घालू नको. कोबीला सुटंल तेच पुरंल, कमी पडलं तर मग बघू." त्या दिवसापासून मी त्याच पद्धतीने करते.

अर्धा कोबी मध्यम असेल तर साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतो. कापलेली कड वाळून काळसर झाली असेल तर तिचा पातळ काप काढून टाकावा. बाहेरची सैल पाने काढून अगदी बारीक चिरावीत. दोन वाट्या होतील, ती धपाट्यांसाठी. आतला घट्ट भाग आणि दांडा उद्यासाठी न चिरता झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. कोबी किसू नये, कारण किसलेल्या कोबीचे पाणी एकदम सुटते आणि तव्यावर त्याचा दाताखाली येणारा कुरकुरीतपणा राहत नाही.

चिरलेल्या कोबीत सव्वा चमचा मीठ चोळून तो दहा मिनिटे बाजूला ठेवावा. तेवढ्या वेळात भाताकडे वळावे. फ्रीजमधल्या भाताचे दाणे आतून घट्ट होतात आणि तसेच पिठात घातले तर थापताना मणी लागल्यासारखे वर येतात व धपाटा तिथेच फाटतो. भातावर दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून तो झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटे वाफवावा आणि गरम असतानाच वाटीच्या बुडाने दाबून मऊ करावा. त्याचे गुळगुळीत पीठ व्हायला नको. अख्खा दाणा मात्र दिसता कामा नये. बासमतीचा मोकळा भात असेल तर जरा जास्त दाबावा लागतो.

आता या भातात दीड वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन आणि पाव वाटी कणीक घालावी. कणीक थोडीच असली तरी वगळू नये, कारण ज्वारीला आणि भाताला चिकाटी नसते; गोळा धरून ठेवण्याचे काम ती आणि बेसन मिळून करतात. सहा-सात लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे खलबत्त्यात जाडसर कुटून घालावे, हळद, अर्धा चमचा ओवा, मोठा चमचाभर तीळ आणि मूठभर कोथिंबीर घालावी, आणि शेवटी कोबी त्याच्या सुटलेल्या पाण्यासह घालून मळावे. दोन मिनिटे मळल्यावरच पाणी लागते की नाही हे कळते. लागलेच तर चमच्या-चमच्याने ताक घालावे. भाकरीच्या पिठापेक्षा किंचित सैल, पण हातावर उभा राहणारा गोळा झाला की थांबावे आणि लगेच थापायला घ्यावे. हा गोळा मळून ठेवण्याचा नाही, कारण कोबी पाणी सोडतच राहतो. एवढ्यात आठ धपाटे होतात.

सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, पोळपाटावर पसरावे आणि त्यावर ओल्या बोटांनी गोळा थापावा. जाडी भाकरीएवढी असावी. मधोमध बोटाने एक आणि भोवती तीन-चार भोके पाडावीत. तवा आधी चांगला तापवून आच मध्यम करावी. फडक्यासह उचलून धपाटा तव्यावर उलटा टाकावा आणि वरून फडक्यावर पाण्याचा हात फिरवून एका कडेने फडके सोलत काढावे. ते ओढताना धपाटा सोबत येऊ लागला तर दोनपैकी एक झाले आहे: फडके वाळले आहे किंवा पीठ सैल आहे. पहिल्यावर पाण्याचा हात पुरतो. दुसऱ्यावर उरलेल्या पिठात मूठभर ज्वारीचे पीठ मिसळावे. भोकांत आणि कडेने तेल सोडून झाकण ठेवावे. कडा आपोआप तव्यापासून सुटल्या की उलटावे, त्याआधी उलथन्याने खरवडू नये. दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजावी, नाहीतर वाफेने धपाटा मऊ पडतो. बाहेरून डाग पडले आणि आत ओलसर चिकट लागले तर आच मोठी होती किंवा थाप जाड होती. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी असली की दोन धपाट्यांत मोठ्या माणसाचे जेवण होते. भाताचे पोट आणि ज्वारी-बेसनाचा आधार दोन्ही त्यात आहेत.

दुसऱ्या दिवशीचे कुटके आमच्याकडे भाकरीचेही करतात, आणि पोळीचे तर चकोल्यांच्या जवळ जातात. फरक इतकाच की चकोल्या कच्च्या कणकेच्या असल्यामुळे वरणात शिजवाव्या लागतात. पोळी शिजलेलीच आहे, तिला फक्त रस प्यायला द्यायचा असतो. हा फरक विसरून पोळीचे तुकडे दहा मिनिटे उकळले की त्यांची लगदी होते, आणि कुटके आवडत नाहीत असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी तीच लगदी खाल्लेली असते.

अर्धी वाटी तुरीची डाळ हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवावी. कोबीचा दांडा बारीक चिरून डाळीतच टाकावा, तो तेथे विरघळून जातो. उरलेल्या कोबीच्या बोटभर लांब जाड पट्ट्या कापाव्यात. पोळ्या हाताने अंगठ्याच्या पेराएवढ्या तोडाव्यात. मिक्सरला लावू नयेत, कारण चुऱ्याचे आमटीत गोळे होतात. हे तुकडे चमचाभर तेलावर कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे परतून कडक करावेत. याने त्यांच्या बाहेरच्या अंगाला जोर येतो आणि रस आत गेला तरी तुकडा तुकडाच राहतो. शिळी पोळी या कामाला ताजीपेक्षा बरी, कारण तिच्यातला ओलावा आधीच गेलेला असतो.

मग दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि मूठभर शेंगदाण्यांची फोडणी करून कोबीच्या पट्ट्या मोठ्या आचेवर तीन मिनिटे परताव्यात. कडा तपकिरी व्हाव्यात, पण मधला भाग करकरीत राहावा. कोबी फार वेळ शिजला की त्यातली गंधकाची संयुगे मोकळी होऊन तो उग्र वास येतो, ज्याला मुले नाक मुरडतात. त्यावर चमचाभर काळा मसाला आणि थोडे तिखट घालून लगेच घोटलेली डाळ आणि तीन वाट्या गरम पाणी ओतावे. घरात येसर असेल तर त्याचे दोन चमचे आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवून आमटीत सोडावे. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो वास या आमटीला दुसऱ्या कशानेही येत नाही. येसर नसेल तर चमचाभर बेसन कोरडे भाजून तसेच कालवावे. चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ घालून पाच मिनिटे उकळू द्यावे. मीठ नेहमीपेक्षा कमी घालावे, कारण पोळ्यांत आणि येसरात ते असू शकते.

आमटी तुम्हाला रोजच्यापेक्षा पातळ वाटेल, ती तशीच हवी. पाच पोळ्यांचे कुटके बघता बघता दोन वाट्या रस शोषून घेतात. सगळ्यांची ताटे मांडून झाल्यावरच कुटके आमटीत टाकावेत, एक उकळी येऊ द्यावी, गॅस बंद करून तीन मिनिटे झाकावे आणि वाढावे. वरून साजूक तूप, चिरलेला कांदा आणि लिंबू.

घरातले कोणी उशिरा जेवणार असेल तर त्याच्या वाटणीचे कडक कुटके कोरडेच डब्यात ठेवावेत आणि आमटी वेगळी ठेवावी. तो आला की आमटी उकळून कुटक्यांवर ओतावी. आधीच भिजवून ठेवलेले कुटके पुन्हा गरम केले तर तळाशी लागतात.