वरची कोथिंबीर फुकट नसते

प्रश्न: भाजी घेतल्यावर 'थोडी कोथिंबीर-मिरची टाका' म्हणण्यावर एवढे विनोद का होतात? असं मागणं चुकीचं आहे का?

'फुकट' हा शब्दच मला खटकतो. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरी मंडईत रोज बसणारी मावशी माल मांडतानाच कोथिंबिरीची एक पेंडी सुटी करून ओल्या गोणपाटाखाली ठेवते. शेजारी देठ निघालेल्या मिरच्या असतात. देठाच्या जागेतून मिरची आधी सडते, म्हणून त्या त्याच दिवशी संपवायच्या असतात. वर टाकायला हाच माल असतो आणि त्याचा खर्च वांग्या-टोमॅटोच्या दरात धरलेला असतो.

हिशेब सोपा आहे. समजा, तुम्ही ६० रुपयांची भाजी घेतली आणि त्यात तिला १२ रुपये सुटले. पाच मिरच्या म्हणजे पंधरा-वीस ग्रॅम. ८० रुपये किलोने साधारण दीड रुपया. पेंडी १० रुपयांची असेल आणि ती बारा गिऱ्हाइकांत वाटली, तर कोथिंबिरीचा रुपयासुद्धा होत नाही. हे तिला परवडतं. पण पेंडी ४८ रुपयांना गेली की तेवढ्याच काड्या चार रुपयांच्या होतात. मिरची धरून साडेपाच रुपये, म्हणजे सुटलेल्यातले जवळजवळ निम्मे. त्या दिवशी ती "आज म्हाग हाय, पाचची घ्या" म्हणाली, तर तिला चिक्कू म्हणू नका.

दर असा उडतो, कारण कोथिंबीर दीड महिन्यात निघते आणि साठवता येत नाही. जोराच्या पावसात ती चिखलाने माखते आणि कुजते, कडक उन्हाळ्यात नीट उगवत नाही.

विनोद झाला तो इथेच. दर पाचपट झाला तरी मागणाऱ्याचं वाक्य बदलत नाही, आणि ते येतं पैसे मोजून पिशवी उचलताना. मे २०२४ मध्ये मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की कोथिंबिरीचे वेगळे पैसे बघून आईला धक्काच बसला. त्यावर घरपोच भाजी देणाऱ्या ब्लिंकिट ॲपने ठरावीक भाजीबरोबर ती मोफत द्यायला सुरुवात केली. म्हणजे ॲपलासुद्धा मंडईची रीत पाळावी लागली.

चूक मागण्यात नाही, दोनदा मागण्यात आहे. ६० चे ५५ केलेत तर तिचे सातच उरले; वर कोथिंबीर-मिरची मागितलीत तर महागाईच्या दिवशी दीड रुपया. दर तरी पाडा, नाहीतर वरचं तरी मागा.

आणि हे विनोद नेहमी बायकांवरच का? आमच्याकडच्या पुरुष मंडळींना मी हे कैक वेळा सुनावलंय. "राहू दे की वरचे पाच" म्हणणारे बाप्येच जास्त असतात, आणि कोथिंबिरीपेक्षा ते पाच रुपये तिला महाग पडतात.

हे सगळं रोजच्या गाळ्याचं झालं. आठवडी बाजारात शेतकरी चार पेंड्याच घेऊन बसला असेल, तर त्याच्याकडे वर टाकायला वेगळं काही नसतं. तिथे विकतच घ्या.