मोटरीवरचं नाव सोडा, CM/L वाचा

प्रश्न: बोअरच्या सबमर्सिबलवर एका कंपनीचं नाव आहे, पण त्या नावाचे पार्ट कुठंच मिळत नाहीत. प्लेटवरच्या नंबरांवरून ती खरी कुणी बनवली अन् कुठलं मॉडेल आहे, हे कसं कळेल?

नावाच्या मागं लागू नका. नाव कुणीही छापून घेतं. प्लेटवर आयएसआयचं चिन्ह बघा. चिन्हाच्या वर IS 8034 असं काहीतरी असतं, ते सबमर्सिबल पंपसेटचं मानक. चिन्हाच्या खाली CM/L आणि पुढं आकडे असतात, तो लायसन्सचा नंबर. लायसन्स कारखान्याला, त्याच्या पत्त्यासकट मिळतं. BIS Care अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कारखान्याचं नाव, गाव आणि लायसन्स चालू आहे का बंद, हे समोर येतं.

आता मला हे का बोलायचंय ते सांगतो. गंगाखेडकडं आमचं शेत आहे. हरभऱ्याला पाणी चालू असताना पंपाचं पाणी निम्म्यावर आलं. चेन-कप्पी लावून वर काढला तर इंपेलर वाळूनं खाल्लेले. आमचे दाजी या कामातले स्वयंघोषित तज्ज्ञ. ते मिस्त्री घेऊन आले आणि म्हणाले, "खालची मोटर चांगली आहे, वरचा पंप जुना बसवू. आठ स्टेजचा काढायचा, आठ स्टेजचा घालायचा. प्लेट वाचून काय पोथी लावायची का?"

आमच्या प्लेटवर होतं: 3.7 किलोवॉट, म्हणजे 5 एचपी, 8 स्टेज, हेड 56 मीटर, डिस्चार्ज सेकंदाला 3.5 लिटर. मिस्त्रीनं आणलेल्या पंपाची प्लेट क्षारानं पांढरी झालेली, काही दिसेना. मी तिच्यावर वहीचा कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली. ठोकलेले आकडे उमटले: 8 स्टेज, हेड 56, पण डिस्चार्ज 6 लिटर आणि 5.5 किलोवॉट. स्टेज तेवढेच, हेड तेवढंच, पण हा साडेसात एचपीचा पंप. तेवढ्याच उंचीवर जवळपास पावणेदोनपट पाणी चढवायचं तर 5 एचपीची मोटर दमणारच. कपलिंग जुळलं म्हणून पंप जुळला असं होत नाही. मी हे तोंडानं सांगितलं. दाजी हसले. बसवला, सोडला, चालू केला. प्लेटवर मोटरीचा करंट साडेनऊ अँपिअर, क्लँप मीटर तेरा दाखवू लागला. स्टार्टर मी बंद केला, दाजींनी नाही.

मग आमच्या पंपाचा CM/L नंबर तपासला. ब्रँडचं नाव एक, लायसन्स मात्र राजकोटकडच्या भलत्याच कारखान्याचं. तिथं फोन करून मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचून दाखवला. त्यांनी त्या लॉटचे इंपेलर नेमके कुठले ते सांगितलं आणि कुरिअरनं पाठवले. ज्या दुकानातून पंप घेतला तिथला माणूस आधी छातीठोकपणे म्हणाला होता, "हे मॉडेल बंद झालं." बंद काही झालं नव्हतं, त्यानं माल बदलला होता.

तुम्हाला मॉडेलसाठी एवढंच बघायचंय: स्टेज, हेड, डिस्चार्ज, किलोवॉट आणि बोअरचा कमीत कमी व्यास. हे पाचही जुळले तरच व्हेरियंट जुळला असं धरा. मॉडेल नंबरातली अक्षरं प्रत्येक कारखान्याची वेगळी असतात, त्यांचा अर्थ आपण लावू नये, कारखान्यालाच विचारावा. आठ आणि तीन, शून्य आणि ओ यात गफलत होते, म्हणून फोनवर वाचण्याआधी बॅटरी आडवी धरून प्लेटचा फोटो काढा.

दोन गोष्टी राहिल्या. मोटर आणि पंप यांच्या प्लेटा वेगळ्या असू शकतात, आणि मोटरीचं मानक IS 9283 असतं, तेव्हा दोन CM/L दिसले तर घाबरू नका. आणि अ‍ॅपवर लायसन्स बंद दिसलं म्हणजे माल बनावट असं लगेच ठरवू नका, पंप बनला तेव्हा ते चालू असू शकतं. प्लेट रिव्हेटऐवजी नव्या स्क्रूनं बसवलेली असेल तर मात्र शंका घ्या. रिवाइंडिंगच्या दुकानात प्लेटा इकडच्या तिकडं होतात. अशा वेळी बॉडीवर ठोकलेला सिरीयल प्लेटशी जुळवून बघा.

पुढच्या वेळी बिलावर मॉडेल, सिरीयल आणि CM/L लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आणि सोबत कुणी दाजी असतील तर त्यांना चहाच्या टपरीवर बसवून ठेवा.