महिन्यावार डेकची प्रॉब्लेम-सोल्यूशन-रिझल्टमध्ये मांडणी

प्रश्न: गोदामातल्या डिस्पॅच प्रोजेक्टचं २२ स्लाइडचं डेक आहे, किकऑफपासून गो-लाइव्हपर्यंत महिन्यावार. मॅनेजर म्हणतात, प्रॉब्लेम-सोल्यूशन-रिझल्ट असं करून आण. स्लाइड्स पुढेमागे केल्या की सगळंच विस्कटतंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी फाइलची कॉपी करा आणि स्लाइड्स ओढणं थांबवा. पॉवरपॉइंटमध्ये `View` मधून `Outline View` उघडा. तिथे नुसती शीर्षकं वाचता येतात. (एखादी स्लाइड बिनशीर्षकाची दिसली तर तिचं शीर्षक साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाइप केलेलं असणार.) ‘मार्च आढावा’, ‘व्हेंडर मीटिंग’ यावरून कधी काय झालं ते कळतं, हाती काय लागलं ते नाही. म्हणून प्रत्येक शीर्षकाचं पूर्ण वाक्य करा. ‘मार्च आढावा’चं होईल, ‘उशीर पिकिंगमध्ये नाही, बिलिंगच्या रांगेत होतो’. ज्या स्लाइडचं असं वाक्य होतच नाही ती परिशिष्टात. निम्म्या तरी जातील, जीव तुटतो, पण जाऊ द्या.

आता `Slide Sorter` मध्ये राइट क्लिक करून `Add Section` ने चार भाग पाडा: तीन तुमचे, चौथा परिशिष्टाचा. आढाव्याच्या स्लाइडवर बहुतेक वेळा कारण आणि त्यावर केलेला उपाय एकत्रच असतात. अशी स्लाइड डुप्लिकेट करून दोन करा, नाहीतर ती कुठेच बसत नाही.

खरी गोची पुढे आहे. माझ्या अशाच एका डेकमध्ये प्रॉब्लेम होता ‘ऑर्डरी उशिरा जातात’ आणि रिझल्ट होता ‘ट्रक थांबण्याचा वेळ घटला’. फायनान्सच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “मग उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींचं काय झालं?” माझ्याकडे तो आकडाच नव्हता. प्रोजेक्ट चालू असताना आपली समज बदलते, तसं मोजमापही सरकतं. महिन्यावार डेकमध्ये दोन्ही आकड्यांत पंधरा स्लाइड्सचं अंतर असतं, म्हणून कुणाला खटकत नाही. त्यामुळे प्रॉब्लेमची शेवटची आणि रिझल्टची पहिली स्लाइड शेजारी ठेवून बघा: आकडा तोच, व्याख्या तीच, काळही तुलनेजोगा हवा. दिवाळीच्या गर्दीतल्या ऑक्टोबरसमोर जून ठेवला तर सुधारणा आपोआपच दिसते, आणि ते पकडलंही जातं. जुना आकडा नव्या व्याख्येने काढता येत नसेल तर तसं स्लाइडवर लिहून टाका.

फसलेला प्रयोग सगळा काढू नका. सोल्यूशनमध्ये त्याची एक स्लाइड ठेवा, म्हणजे ‘साधा उपाय का नाही केला?’ हा प्रश्न तिथेच मिटतो.

शेवटी `Ctrl+F` मारून ‘मागच्या स्लाइडवर’, ‘वर पाहिल्याप्रमाणे’ शोधा. चौथ्या स्लाइडवर उलगडलेलं लघुरूप आता आधीच येत असेल, तेही बघा.

आणि हो, ऑडिटवाले किंवा ‘गो-लाइव्ह का लांबलं?’ विचारणारी कमिटी समोर असेल तर त्यांना तारखांचाच क्रम लागतो. त्यांच्यासाठी मूळ फाइल तशीच राहू द्या.